अचानक कॅश तपासणी कशी करायची? आणि तूट निघाली तर?

प्रश्न: मी एका ट्रान्सपोर्ट फर्ममध्ये अकाउंट्स बघतो. मालकांनी कॅशियरची कॅश अचानक मोजायला सांगितलीय. कशी करू, काय लिहून ठेवू, आणि कमी निघाली तर काय करायचं?

उत्तर: पहिली गोष्ट, गेल्या गेल्या सगळी रोकड एकाच वेळी टेबलावर घ्या. ड्रॉवर, तिजोरी, किरकोळ खर्चाचा डबा, सगळं. एक मोजून झाल्यावर दुसरं उघडलं तर तेच पैसे फिरून परत तुमच्यासमोर येतात आणि सगळं बरोबर दिसतं. मोजायच्या आधी शेवटच्या पावतीचा आणि शेवटच्या व्हाऊचरचा नंबर लिहून घ्या, म्हणजे नंतर कागद घुसवता येत नाही. कॅशियर पूर्ण वेळ समोर हवाच. आधी त्यानं मोजायचं, मग तुम्ही, आणि त्याला उठावं लागलं तर पैसे सील करून ठेवा, एकट्यानं हात लावू नका.

आता समजा सुरुवातीची शिल्लक ४२,३००, जमा ६८,७५०, खर्च ५१,४००, म्हणजे पुस्तकात ५९,६५० हवेत आणि मोजले तर ५३,३५०. तूट ६,३००. लगेच चोर म्हणू नका, आधी फोड करा. ड्रॉवरमध्ये डिझेलचं १,५०० चं मंजूर व्हाऊचर आहे, बिलही आहे, फक्त चढवायचं राहिलंय, तर ते चढवा. उरले ४,८००. मग पावत्यांची स्थळप्रत एकेक करून पुस्तकाशी ताडून बघा, तिथे २,४०० ची पावती ४,२०० म्हणून चढलेली सापडते, १,८०० सुटले (अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, त्यामुळे ९ ने भाग जाणारा फरक दिसला की हे आधी बघायचं). राहिले ३,०००, आणि ड्रॉवरमध्ये चिठ्ठी, "ड्रायव्हरला उचल ३,०००", कोणाची मंजुरी नाही. चिठ्ठी म्हणजे रोकड नाही, रिपोर्टमध्ये तिला तूट म्हणूनच दाखवा आणि चिठ्ठीचा उल्लेख वेगळा करा. खरा मुद्दा इथेच असतो, कारण अशा चिठ्ठ्या महिनोन्महिने पडून राहतात.

रिपोर्टवर तारीख, वेळ, नोटांचा तपशील, पुस्तकी शिल्लक, फरक आणि दोघांच्या सह्या, आणि "सर्व रक्कम माझ्यासमोर मोजली व मला परत मिळाली" हे वाक्य कॅशियरकडून लिहून घ्या. हे वाक्य नसेल तर उद्या तूट तुमच्यावर येऊ शकते. तिथल्या तिथे त्याचा लेखी खुलासाही घ्या.

त्यानं खिशातून ३,००० काढून दिले तरी रिपोर्ट फाडायचा नाही, आधी तूट त्याच्या नावे येणे म्हणून टाका आणि रोकड खात्यातून कमी करा, मग पैसे वेगळी पावती करून त्याच्या नावे जमा करा. नाही दिले तरी तशीच नोंद करा आणि ती रक्कम त्याच्या नावे येणे राहू द्या, म्हणजे पुस्तक आणि गल्ला दुसऱ्या दिवशी जुळतील. पण पगारातून परस्पर कापू नका, त्याची चूक असल्याशिवाय आणि त्याला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अशी कपात कायद्यात बसत नाही. ड्रायव्हरकडूनही एकदा विचारून घ्या, त्याला खरंच पैसे मिळाले का.