बायकोला अचानक ढोल-ताशा पथकाचा नाद लागला आहे, मी काय करावे?

प्रश्न: लग्नाला सहा वर्षे झाली, मुलगी चार वर्षांची आहे. जूनच्या अखेरीस बायकोने मैत्रिणीच्या आग्रहाखातर पथकात नाव घातले. आता ऑफिस सुटले की थेट सराव, रात्री उशिरा घरी, मग ग्रुपवर गप्पा, रविवारीही तीच मंडळी. मी काही बोललो तर ‘तुला माझा आनंद बघवत नाही’ असे म्हणते. मी पुण्यात राहतो. तिच्या लेखी आता मी आणि घर कुठे आहोत, हेच कळेनासे झाले आहे.

उत्तर: मी पुण्यातल्या एका पथकात बरीच वर्षे ढोल वाजवला आहे आणि नंतर काही वर्षे सरावाची हजेरी माझ्याकडे होती. त्यामुळे सराव सुटल्यावर फाटकाशी गाडी लावून थांबलेले आणि चेहऱ्यावर नाराजी असलेले नवरे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि नवरा पथकात, बायको वाट पाहते आहे अशी घरे त्याहून अधिक पाहिली आहेत. तुमच्या पत्नीच्या मनात काय आहे, हे मला सांगता येणार नाही. पण तिचा जो वेळ जातो आहे त्यातला किती पथकाने मागितलेला आहे आणि किती तिने आपणहून दिलेला आहे, हे वेगळे करून पाहता येते. तुमच्या दोघांच्या भांडणात हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले गेले आहे असे मला वाटते.

आधी पथकाची बाजू सांगते. नव्या वादकाचा पहिला महिना शिकण्यात जातो. उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हाताची थाप यांचा मेळ बसायला वेळ लागतो, पहिल्या पंधरवड्यात तळहाताला फोड येतात, ढोल कमरेला बांधून उभे राहण्याची सवय नसल्यामुळे पाठ धरते. मग एखाद्या संध्याकाळी चाळीस-पन्नास ढोलांचा ठोका एकदम पडतो आणि त्यात आपला ठोका वेगळा ऐकू येत नाही, तेव्हा माणूस जो अडकतो तो अडकतोच. त्यानंतर सराव बुडवणे जिवावर येते, आणि त्याला केवळ हौस कारणीभूत नसते. बहुतेक पथकांत हजेरीवरून ठरते की मुख्य मिरवणुकीत कोण वाजवणार आणि पुढच्या रांगेत कोण उभे राहणार. ज्यांची हजेरी कमी, त्यांना एखाद्या लहान मंडळाच्या सुपारीवर पाठवतात किंवा ध्वज धरायला सांगतात. दोन महिने घाम गाळल्यावर लक्ष्मी रस्त्यावर उभे राहायला मिळाले नाही, तर मोठी माणसेही रडतात. मी ते पाहिले आहे. म्हणून ‘एक दिवस नाही गेलीस तर काय बिघडते’ हे तुमचे वाक्य तुम्हाला साधे वाटले, तरी तिला ते तसे ऐकू येत नाही.

यंदा त्यात पंचांगाची भर पडली आहे. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे. ज्या पथकांनी जूनमध्येच सराव सुरू केला, त्यांचा हंगाम आपोआप अडीच आठवड्यांनी लांबला. घरी बसलेल्या माणसाला हा काळ अधिकच लांब वाटणार, यात नवल नाही.

आता दुसरी बाजू. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ढोल वाजवता येत नाही. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर हा नियम वर्षभर असतो, आणि आसपासच्या सोसायट्यांच्या तक्रारी नकोत म्हणून बरीच पथके नऊ-साडेनऊलाच सराव थांबवतात. वाद्ये शेडमध्ये ठेवायला, सैल झालेली दोरी आवळायला फार तर वीस मिनिटे. त्यापुढचा वेळ सरावाचा नसतो, तो कट्ट्याचा असतो. चहा, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, ‘ताशाची एंट्री आज चुकली’ यावरची चर्चा, आणि घरी आल्यावर ग्रुपवर त्याच चर्चेचा दुसरा अंक. या वेळाला हजेरी नसते आणि तो कमी केल्याने मिरवणुकीतली जागाही जात नाही. मात्र पथकात नव्याने आलेल्या माणसाला नेमका हाच वेळ सोडवत नाही, कारण ओळखी वादनात होत नाहीत, कट्ट्यावर होतात.

हा फरक कसा उपयोगी पडतो, हे एका जोडप्यावरून सांगते. ती माझ्याच रांगेत वाजवायची, बँकेत नोकरी, मुलगा लहान, सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. नवऱ्याचे म्हणणे असे की ती रोज रात्री अकराला घरी येते. तिचे म्हणणे असे की सराव आठवड्यातून चारच दिवस असतो आणि तो साडेनऊला संपतो. दोघेही खरेच बोलत होते. सरावाच्या जागेपासून घर गाडीवर पंचवीस मिनिटांवर होते, म्हणजे ती सव्वादहाच्या आसपास पोहोचायला हवी होती. उरलेला पाऊण तास कट्ट्याचा होता, आणि जे दिवस सरावाचे नव्हते त्यांतल्या दोन संध्याकाळी ‘वाद्यांची कामे’ म्हणून जात होत्या. त्या कामाला तिची गरज होती, पण दर वेळी नव्हती. हे सगळे त्या दोघांनी एका रविवारी सकाळी कागदावर मांडले. तिने कट्टा फक्त शनिवारी ठेवला. मंगळवारी सासूबाईंचा व्यायाम करून घेणाऱ्या बाई यायच्या, म्हणून त्या दिवशी ती येणार नाही असे तिने सरावप्रमुखांना आधीच सांगितले. आधी सांगितलेली रजा आणि न सांगता मारलेली दांडी यांत पथके फरक करतात. किमान आम्ही करायचो. नवऱ्याने उरलेल्या तीन दिवशी मुलाचे जेवण आणि झोप आपल्याकडे घेतली, आणि त्याबद्दल दुसऱ्या दिवशी टोमणा मारायचा नाही, हेही त्या कागदावर लिहिले होते. ही अट तिने घातली होती आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटली.

त्याने सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. त्याला ढोलाचा आवाज शेवटपर्यंत आवडला नाही, आणि पथकातल्या मंडळींत तो एकदा येऊन कंटाळून गेला. ती पुढच्या वर्षीही वाजवत राहिली आणि तो घरी राहिला. पण ‘तू रोज नसतेस’ हे भांडण संपले, कारण मंगळवार आणि रविवार तिचे नव्हते आणि बाकीचे दिवस त्याचे नव्हते, हे दोघांना ठाऊक होते.

तुम्हाला एक प्रश्न विचारते, आणि तो थोडा टोचेल. तुम्ही रविवारी सकाळी क्रिकेट खेळायला किंवा मित्रांबरोबर मिसळ खायला जात असाल, तर त्या वेळी मुलीकडे कोण पाहते? मी ज्या घरांत हे भांडण पाहिले, त्यांपैकी बऱ्याच घरांत नवऱ्याची हौस वर्षानुवर्षे गृहीत धरलेली होती आणि बायकोची हौस पहिल्याच हंगामात हिशेबाला आली. तुमच्याकडे तसे नसेलही. असेल, तर ‘तुला माझा आनंद बघवत नाही’ या वाक्याचा उगम तिथे शोधा.

बोलायचे कधी, यालाही महत्त्व आहे. सरावावरून आलेल्या माणसाशी त्या रात्री काही बोलू नये. कान भणभणत असतात, हात दुखत असतात आणि अंगात उत्साह मात्र शिगोशीग भरलेला असतो. अशा वेळी तक्रार ऐकली की माणूस तुटक बोलतो. सरावाच्या दिवशी नको, ग्रुपवर टाइप करून नको, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर मुळीच नको. त्या दिवसांत विसर्जनाची मिरवणूकच अलीकडे २८ तासांच्या पुढे चालते आणि वादक कधी झोपतो, कधी जेवतो याला धरबंध नसतो. जे ठरवायचे ते ऑगस्टमध्येच ठरवा, आणि मागणी नेमकी करा. ‘घराकडे लक्ष दे’ यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘बुधवारी मुलीला तू झोपव, आणि सरावाच्या दिवशी साडेदहापर्यंत घरी ये’ हे करता येते, आणि केले की नाही हेही दिसते. शक्य असेल तर मुलीला घेऊन एका संध्याकाळी सराव पाहायला जा. चार वर्षांच्या मुलांच्या कानांना तो आवाज सोसत नाही, म्हणून तिचे कान नीट झाकून, लांब उभे राहून, थोडाच वेळ. ज्यांची नावे तुम्ही महिनाभर वैतागून ऐकत आहात, ती माणसे एकदा समोर दिसली की निम्मी भीती ओसरते. नाही ओसरली, तर ती कशाची होती हे तरी नेमके कळते.

खरी कसोटी उत्सवानंतरची आहे. अनंत चतुर्दशीनंतर काही दिवसांत श्रमपरिहाराचे जेवण होते, वाद्ये गुंडाळून ठेवली जातात, आणि काही पथके नवरात्रात किंवा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत वाजवत असली, तरी रोजचा सराव बंद होतो. पहिले दोन-तीन आठवडे तिला चैन पडणार नाही. संध्याकाळ रिकामी वाटेल, ग्रुपवर जुने व्हिडिओ फिरत राहतील, एखादा ट्रेकही ठरेल. हे सगळ्यांचे होते आणि त्याचा अर्थ लावत बसू नये. पण दिवाळीपर्यंत सराव नसतानाही तिच्या बहुतेक संध्याकाळी बाहेरच जात असतील, कुठे आणि कुणाबरोबर याचे उत्तर दर वेळी बदलत असेल, किंवा तुम्ही समोर असताना ती बोलायचेच टाळत असेल, तर प्रश्न पथकाचा उरलेला नाही. मग पथकाचे नाव न काढता थेट विचारा की घरी थांबणे तिला का नकोसे झाले आहे. त्या उत्तरात तुमच्याबद्दलही काही असू शकते, आणि दोघांनाच ते बोलणे झेपत नसेल, तर विवाह समुपदेशकाकडे जाणे बरे. त्याच्या आत, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना, तिच्या मनातल्या तुमच्या जागेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नका. ऑगस्टमधल्या वादकाकडे पाहून तो नीट काढता येत नाही.