फॉर्मच्या चौकटीतला फिकट मजकूर उतरवायचा का?

आमच्या इंदूरच्या मंडळाच्या सभासद-फॉर्मचे स्क्रीनशॉट वहीत उतरवतोय. एकात पिनकोडच्या चौकटीत फिकट 452001 आहे. लिहू का?

नका लिहू, रकाना कोरा ठेवा. तो नुसता नमुना आहे. टाइप करायला लागलं की गायब होतो, आणि भरलेल्या माहितीसोबत पुढे जातही नाही. त्याच चित्रातल्या नावाच्या अक्षरांशी रंग ताडून बघा, भरलेलं गडद दिसतं. तरी शंका उरली तर दुसऱ्या सभासदाचा रिकामा रकाना शेजारी धरा. तिथेही तोच फिकट आकडा? मग नमुनाच. तो उतरवलात, तर वेगळा पिनकोड असलेल्या विजयनगरचा माणूसही वहीत 452001 मध्ये जाऊन बसायचा!

मात्र ‘राज्य: मध्य प्रदेश’सारखी आख्खी चौकटच राखाडी असेल, तर ती बहुधा बदलता न येणारी, आधीच भरलेली नोंद असते. ती उतरवा.