‘निवडलेले लोक’ – पण कशासाठी निवडलेले?

प्रश्न: ज्यू लोक स्वतःला देवाने निवडलेले लोक म्हणवतात. म्हणजे त्यांच्या मते बाकी सगळे कमी दर्जाचे का? आणि हा देवाशी केलेला ‘करार’ नक्की काय असतो?

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू आहे. कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. तुमचा प्रश्न मला शाळेपासून विचारला गेलाय, कधी कुतूहलाने, कधी टोमण्यासारखा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची गुंडाळी, वाचली जाते तेव्हा एकेकाला नाव पुकारून वर बोलावतात. मी वर गेलो की अंगावरच्या प्रार्थनावस्त्राचा गोंडा गुंडाळीवरच्या त्या दिवशीच्या शब्दाला टेकवतो, ओठांना लावतो आणि एक आशीर्वचन म्हणतो. त्याचा अर्थ असा: ज्याने सर्व लोकांमधून आम्हाला निवडलं आणि आपली तोरा आम्हाला दिली, तो परमेश्वर धन्य. तुम्ही ज्याबद्दल विचारताय ते वाक्य हेच. त्यात क्रियापदं दोन आहेत, निवडलं आणि दिली. पहिल्यावर सगळे अडखळतात आणि दुसऱ्यापर्यंत कुणी पोचत नाही. दिलं काय, तर कायदा. राज्य, संपत्ती, श्रेष्ठ रक्त यांचा त्या वाक्यात उल्लेखही नाही.

आता करार. मराठी बायबलात ‘जुना करार’, ‘नवा करार’ म्हणतात तोच हा शब्द, आणि तो नेमका आहे. हिब्रूत त्याला ‘ब्रित’ म्हणतात. गंमत अशी की हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. का, ते उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायात दिसतं. अब्राहाम (तेव्हा त्याचं नाव अब्राम होतं) एक कालवड, एक शेळी आणि एक मेंढा मधोमध चिरतो आणि अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अशा तुकड्यांमधून चालत जाणं म्हणजे ‘मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो’ असं म्हणणं. यिर्मयाच्या पुस्तकात हा अर्थ उघड सांगितलाय. पण इथे अब्राहाम चालत नाही, त्याला गाढ झोप लागते. अंधार पडल्यावर धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे शपथ घेतोय देव. तू काय करशील ते इथे विचारलेलंच नाही.

सीनाय पर्वतापाशी झालेला करार मात्र दोन्ही बाजूंचा आहे. निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात मोशे बळीच्या रक्ताचा अर्धा भाग वेदीवर शिंपडतो आणि अर्धा पात्रांत ठेवतो. मग कराराचं पुस्तक लोकांना वाचून दाखवतो. लोक म्हणतात, ‘नआसे व’निश्मा’, आम्ही करू आणि ऐकू. त्यानंतरच उरलेलं रक्त लोकांवर शिंपडलं जातं. वाचन आधी, संमती नंतर, शिक्का शेवटी.

हा करार होण्याआधी देवाने काय देऊ केलं ते एकोणिसाव्या अध्यायात आहे: माझं ऐकलंत आणि माझा करार पाळलात, तर सगळ्या लोकांमध्ये तुम्ही माझी ‘सेगुला’ व्हाल, कारण सगळी पृथ्वी माझीच आहे, आणि तुम्ही माझ्यासाठी याजकांचं राज्य व्हाल. सेगुला म्हणजे स्वतःजवळ जपून ठेवलेला ठेवा. दावीद राजा मंदिरासाठी पदरचं सोनंचांदी देतो तिथे हाच शब्द येतो. पण वाक्याची सुरुवात ‘तर’ने बांधलेली आहे, आणि ‘सगळी पृथ्वी माझी’ हेही त्याच दमात म्हटलंय.

‘याजकांचं राज्य’ समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. देवळाच्या पुजाऱ्याला सोवळं इतरांपेक्षा जास्त असतं. आमच्यातही याजकवंशातला कोहेन आजही अंत्ययात्रेत मृतदेहाजवळ जात नाही, अपवाद फक्त अगदी जवळच्या नातेवाइकांचा. मी जाऊ शकतो, त्याला बंदी. एका वंशाला इतरांहून जास्त बंधनं, तशीच एका लोकसमूहाला इतरांहून जास्त बंधनं, असं ते गणित आहे. परंपरेने मोजलेल्या आज्ञा 613 आहेत.

निवड का झाली, याचं उत्तर ग्रंथ देतो ते फार चापलूस नाही. तोरेच्या पाचव्या, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटलंय की तुम्ही संख्येने जास्त होतात म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होतात. दोन अध्याय पुढे: तुमच्या चांगुलपणामुळेही नव्हे, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात करार पाळल्याचे आशीर्वाद 14 ओव्यांत संपतात आणि मोडल्याचे शाप 54 ओव्या चालतात. तो भाग वर्षातून एकदा वाचायची वेळ येते तेव्हा अनेक ठिकाणी वाचणारा आवाज खाली आणतो आणि भरभर पुढे सरकतो. लहानपणी मला वाटायचं की वाचणारा दमला असेल.

आणि आमोस. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यांत थेट उत्तर त्या मेंढपाळ संदेष्ट्याने दिलंय. तिसऱ्या अध्यायात देव म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपैकी मी फक्त तुम्हालाच ओळखलं. ऐकणारे सुखावलेच असतील. पुढचं वाक्य: म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांबद्दल मी तुम्हाला शिक्षा करीन. नवव्या अध्यायात तर तो विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? इस्राएलला मिसरमधून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून मीच आणलं ना? म्हणजे मुक्तीच्या कथेवरही एकट्याचा हक्क नाही.

ताल्मूद या आमच्या कायद्याच्या चर्चाग्रंथातल्या पंडितांना या करारात एक कायदेशीर खोट दिसली, ती मला फार आवडते. शब्बाथ नावाच्या खंडात एक जण म्हणतो, देवाने सीनाय पर्वत उचलून पिंपासारखा लोकांच्या डोक्यावर धरला आणि म्हणाला, तोरा स्वीकारलीत तर ठीक, नाही तर इथेच तुमची कबर. यावर दुसरा म्हणतो, मग हा तर तोरेविरुद्ध मोठा बचाव झाला! जबरदस्तीने घेतलेली सही बंधनकारक कशी? ‘नाही’ कुणी म्हणत नाही. उत्तर मिळतं ते असं की पुढे एस्तेर राणीच्या काळात लोकांनी ती आपखुशीने पुन्हा स्वीकारली. स्वतःला जन्मजात श्रेष्ठ समजणारा समाज आपल्या निवडीला असं कोर्टात उभं करत नाही, असं मला वाटतं.

सर्वांत मोठा गैरसमज वंशाचा. आईच्या बाजूने ज्यू असलेलं मूल ज्यू धरलं जातं, हे खरं. पण दार बंद नाही, आणि त्या दारात काय विचारतात ते पाहिलं की सगळा प्रश्न उलगडतो. ताल्मूदच्या यवामोथ खंडात पद्धत दिली आहे. कुणी ज्यू व्हायला आला तर आधी त्याला विचारा, तुला काय दिसलं म्हणून आलास? या काळात इस्राएल पिडलेले, दबलेले, हाकललेले आहेत हे तुला माहीत नाही का? तो म्हणाला, ‘माहीत आहे, आणि माझी तेवढी लायकी नाही,’ तर त्याला लगेच स्वीकारा. मग काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगा. आणि शिक्षाही सांगा: आजपर्यंत तू निषिद्ध चरबी खाल्लीस किंवा शनिवारचा शब्बाथ मोडलास तरी तुला दोष नव्हता, इथून पुढे असेल. तो कबूल झाला की सुंता, जखम भरली की स्नान. पाण्यातून वर आला की तो सर्व बाबतींत इस्राएल. रक्त, वंश, बापजादे, यांबद्दल एक शब्दही नाही. जास्त जबाबदारी घेतोस का, एवढीच चौकशी.

बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या अशाच एकाने रामबामना, म्हणजे थोर ज्यू धर्मशास्त्री मायमोनिदीसना, पत्र लिहून विचारलं होतं: प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ मी कसा म्हणू? माझे पूर्वज तर ते नव्हेत. उत्तर आलं की सगळं जसंच्या तसं म्हण, आणि आपलं कूळ हलकं समजू नकोस. आम्ही वंश अब्राहामापर्यंत नेतो, तुझा तर ज्याच्या शब्दाने जग झालं त्याच्यापर्यंत जातो.

आता ‘बाकीचे नरकात’ ही कल्पना. ती आमच्या धर्मात बसतच नाही. जलप्रलयानंतर देव नोहाशी करार करतो, खूण इंद्रधनुष्य, आणि तो सगळ्या माणसांशी, प्राण्यांशीसुद्धा आहे. त्यावरून परंपरेने सर्वांसाठी सात नियम धरले: खून, चोरी, व्यभिचार, मूर्तिपूजा, देवनिंदा नको, जिवंत प्राण्याचं मांस तोडून खाऊ नये, न्यायालयं असावीत. ते पाळणाऱ्या इतर लोकांतल्या सज्जनांनाही परलोकात वाटा आहे, असं रामबाम लिहितात. म्हणून तर आम्ही कुणाला ज्यू करायला घरोघर फिरत नाही. मूर्तिपूजेचा नियम वाचून माझ्या हिंदू मित्रांच्या भुवया वर जातात. त्यावर आमच्या विद्वानांत वाद आहेत आणि तो वेगळा, मोठा विषय आहे.

एवढं सांगून ‘श्रेष्ठत्वाची भावना आमच्यात कधी नव्हतीच’ म्हणालो तर ते खोटं होईल. बाराव्या शतकातच स्पेनच्या यहुदा हलेवींनी ‘कुझारी’ ग्रंथात इस्राएलच्या वंशात एक वेगळा दैवी गुण असतो आणि बाहेरून आलेला त्यात पूर्ण बरोबरीचा होत नाही, असं मांडलं. ओबद्याला लिहिलेलं पत्र त्याच्या अगदी उलट आहे. हे दोन्ही प्रवाह आजही आहेत, आणि हलेवींच्या बाजूचं बोलणं काही लोक राजकारणातही वापरतात. ते ऐकून तुम्ही प्रश्न विचारला असेल तर तुमची चूक नाही. मी रामबामच्या बाजूचा. त्यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वं लिहिली, त्यांत निवडलेपण कुठेच नाही.

आमच्यातल्याच मोर्देकाय कॅप्लन या अमेरिकन रब्बींना तर ही कल्पनाच नकोशी झाली. 1945 मध्ये त्यांनी काढलेल्या प्रार्थनापुस्तकात मी वर सांगितलेलं आशीर्वचन बदललं होतं: ‘निवडलं’च्या जागी ‘आपल्या सेवेसाठी जवळ केलं’. सनातनी रब्बींच्या एका संघटनेने न्यूयॉर्कमध्ये त्यांना बहिष्कृत केलं आणि त्या सभेत त्यांचं पुस्तक जाळलं गेलं. मी अजून जुनंच वाक्य म्हणतो. फक्त ‘दिली’वर जरा जास्त थांबतो.