आगाऊ रकमेचे कोडे

“मुलगा गिटार वाजवतो. त्याच्या रॉक बँडला मुंबईची एक मोठी म्युझिक कंपनी पाच लाख रुपये आगाऊ द्यायला तयार आहे. पुण्याचे एक छोटे लेबल फक्त रेकॉर्डिंगचा खर्च करणार, हातात काहीच देणार नाही. पाच लाख सोडायचे कसे? आणि गाणी चालली नाहीत तर ते पैसे आम्हाला फेडावे लागतील का?”

उद्यमनगरात यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना चालवणाऱ्या एका वडिलांनी मला हे विचारले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत.

ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मजूर जशी उचल घेतो, तशीच ही रक्कम असते, फरक इतकाच की गाणी न चालल्यास ती सहसा खिशातून परत करावी लागत नाही. ती फक्त बँडच्या रॉयल्टीतून वळती होते. करारात परतफेडीचे वेगळे कलम नाही, हे आम्ही तपासले आणि वडिलांची पहिली काळजी तिथेच मिटली.

खरा प्रश्न वळती कोणत्या वाट्यातून होते, हा होता. मोठ्या कंपनीच्या करारात बँडचा वाटा १६ टक्के होता आणि उचलीबरोबर रेकॉर्डिंग व व्हिडिओचे तीन लाखही बँडच्या खाती मांडले जाणार होते. एकूण आठ लाख १६ टक्क्यांतून फिटायचे, म्हणजे गाण्यांनी ५० लाख कमावल्यानंतर बँडला पुढचा पहिला रुपया दिसणार. कंपनीने घातलेला पैसा मात्र पहिल्या आठ लाखांतच वसूल झालेला असतो. छोटे लेबल दीड लाख खर्च करणार होते, तो खर्च एकूण उत्पन्नातून आधी वजा होऊन उरलेले निम्मे-निम्मे वाटले जाणार होते.

हे ऐकून मुलगा लगेच छोट्या लेबलकडे झुकला, पण मी त्याला गणित पुढे मांडायला लावले. गाण्यांनी आठ लाख कमावले तर छोट्या लेबलकडून बँडला सव्वातीन लाख मिळतात, तर मोठ्या कंपनीचे पाच लाख आधीच हातात असतात. साडेअकरा लाखांवर उत्पन्न गेले तरच छोटे लेबल पुढे जाते, आणि नव्या रॉक बँडसाठी तो पल्ला सोपा नाही. स्वतंत्र लेबल म्हणजे कलाकाराचा कैवारी, ही समजूत मला भाबडी वाटते. केवळ पैशाकडे पाहिले असते तर मोठ्या कंपनीचा प्रस्ताव वाईट नव्हता.

अडचण पुढच्या पानांवर होती. पहिल्या अल्बमनंतर आणखी चार अल्बम घ्यायचे की नाही, हे कंपनी ठरवणार होती, तोवर बँडला दुसरीकडे रेकॉर्डिंग करता येणार नव्हते, आणि तयार झालेला अल्बम प्रसिद्ध करण्याचे बंधन मात्र कंपनीवर कुठेच नव्हते. मोठ्या कंपनीत बँडला हेरणारा अधिकारी नोकरी सोडून गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला त्या बँडविषयी आस्था असेलच असे नाही, आणि मग रेकॉर्डिंग पडून राहते. ध्वनिमुद्रणाचा मालक कंपनीच असल्याने, आणि आपल्या कायद्यात तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असल्याने, मुलांना तीच रेकॉर्डिंग स्वतः प्रसिद्धही करता येत नाहीत. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही, त्यामुळे शब्द आणि चाल कोणाची हे आधीच लिहून ठेवून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा, असे मी बँडमधल्या चौघांनाही सुचवले.

वकिलामार्फत मोठ्या कंपनीकडे तीन बदल मागितले: पुढच्या चार अल्बमांऐवजी एकाचाच पर्याय, ठरावीक मुदतीत अल्बम प्रसिद्ध न झाल्यास रेकॉर्डिंग बँडला परत, आणि कार्यक्रमांच्या मानधनात कंपनीचा वाटा नको. कंपनीने तिसरा मान्य केला, पहिले दोन नाकारले. एवढ्यावर वडिलांनीच पाच लाखांचा नाद सोडला. धंद्यात त्यांनी ऑर्डर देऊन माल न उचलणारी गिऱ्हाइके पाहिली होती.

छोट्या लेबलशी करार एका अल्बमपुरता झाला, मालकी बँडकडे राहिली आणि लेबलला सात वर्षांचा परवाना मिळाला. ड्रमर सतरा वर्षांचा होता, आणि १८७२ च्या करार कायद्याखाली अज्ञान व्यक्तीने केलेला करार टिकत नसल्याने सही त्याच्या अठराव्या वाढदिवसानंतरच करण्याचे ठरले. छोट्या लेबलात एकच माणूस गाणी निवडतो, जाहिरात करतो आणि वहीही लिहितो, म्हणून दर सहा महिन्यांनी स्ट्रीमिंग कंपन्यांच्या मूळ अहवालासह हिशेब द्यावा, असे कलम आम्ही घालून घेतले. त्याची गरज लवकरच पडली. पहिला हिशेब दोन महिने उशिरा आला, आणि तोही वडिलांनी त्या कलमाचा हवाला देऊन पत्र पाठवल्यावर.