एसओपीतलं "लहानपणापासून"

प्रश्न: बेळगावात मेकॅनिकल केलं, आता जर्मनीत मास्टर्सला अर्ज करतोय. एसओपी, म्हणजे प्रवेश कशासाठी हवा ते सांगणारा निबंध, वाचून सर म्हणाले, "छान आहे, पण कुणाचाही असू शकतो." खोटं तर काहीच लिहिलेलं नाही. मग बदलू काय?

उत्तर: माझाही पहिला मसुदा "लहानपणापासून मला यंत्रांचं वेड" असा सुरू व्हायचा. लहानपणी मला वेड होतं ते क्रिकेटचं.

शेवटी एका रात्री मामेभावाने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, "खरं सांग, कशाला चाललायस?" मी मराठीतच बडबडत गेलो. त्यातून बेळगावच्या उद्यमबागेतली फाउंड्री निघाली. तिथे पावसाळ्यात दीड महिना इंटर्नशिप केली होती. पाऊस लागला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेल्या पोकळ्या, वाढायचे, आणि सगळे म्हणायचे, "वाळूला ओल आलीय." मी रोज साच्याची 50 ग्रॅम वाळू 110 अंशांवर वाळवून पुन्हा तोलायचो. एका दिवशी 2.6 ग्रॅम घट आली, म्हणजे ओल 5.2 टक्के. तिथे ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास ठेवायचे. पाणी कमी केल्यावर रिजेक्शन घटलं, पण पूर्ण थांबलं नाही. ओल बरोबर असूनही वायू का अडकतो, वाळूत बारीक कण वाढल्यामुळे की साच्यात बसवायच्या कोअरमधल्या बाइंडरमुळे, हे मला सांगता आलं नाही.

ते न सुटलेलं कोडंच माझं खरं कारण होतं. नवा मसुदा मी तिथूनच सुरू केला आणि दुसऱ्या परिच्छेदात त्याच कोड्याशी जुळणारे त्या कोर्समधले दोन विषय नावानिशी घेतले. विद्यापीठाची स्तुती काढली. त्यांचं रँकिंग त्यांना माहीत असतंच.

तुमच्या मसुद्यातल्या प्रत्येक "आवड", "ध्येय", "प्रेरणा"पुढे पेन्सिलीने लिहा: कुठे, कधी, मी काय केलं, काय अडलं. ज्याच्यापुढे काहीच सुचत नाही ते वाक्य खोडा. माझं दीड पान गेलं.

खरं लिहायचं म्हणजे सगळंच ओतायचं असंही नाही. तिकडे पगार बरा मिळतो, हे कारण मलाही होतं. ते लिहिलं नाही, पण त्यावर देशसेवेचा मुलामाही चढवला नाही. "परत येऊन गावचा विकास करीन" हे वाक्य एका सल्लागाराने घुसडलं होतं, तेही काढलं. परत यायचं माझं ठरलेलंच नव्हतं. सीमाभागातलं मराठी-कन्नड मात्र एका ओळीत राहिलं, कारण मोल्डिंगवाल्यांशी कन्नडमध्ये बोलल्यामुळेच ते पाणी अंदाजाने ओततात हे मला कळलं होतं.

तिसऱ्या सेमिस्टरचा बॅकलॉग? एक वाक्य: विषय, कधी सुटला, बस्स. मी आधी त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता, आजीच्या आजारपणासकट. आजी ठणठणीत होती.