संत्री सोलण्याच्या यंत्राचे दावे लिहिताना

तुझ्या पेटंट अर्जातल्या दाव्यांचा मसुदा वाचला. सगळं एकाच परिच्छेदात कोंबलंयस, आधी ते सोड. दावा 1 स्वतंत्र: चौकट (10), फिरती चकती (12), पातं (14), एवढंच. स्प्रिंग तिथे नको, नाहीतर बिनस्प्रिंगचं यंत्र काढणारा तुझ्या हातून सुटेल. स्प्रिंग दावा 2 मध्ये घे: “दावा 1 मधील यंत्र, ज्यात सदर पातं (14) स्प्रिंगवर (16) बसवलेलं आहे.”

खरी चूक दावा 3 मध्ये आहे. तो दावा 1 वर टेकवलास आणि आत “सदर स्प्रिंग” म्हणालास. दावा 1 मध्ये स्प्रिंग आहेच कुठे? तो दावा 2 वर टेकव. प्रत्येक “सदर” खाली पेन्सिलीने रेघ मारून मागे जा, पहिला उल्लेख सापडलाच पाहिजे. आणि चकतीला मधेच “थाळी” म्हणू नकोस. परीक्षक तो वेगळा भाग समजेल.