डीपीवरच्या शेतकऱ्यांचा समतोल : प्रश्न तयार करणाऱ्या शिक्षकास पत्र

प्रिय स्नेही,
सप्रेम नमस्कार.

गेम थिअरीतील सहकार्याच्या तासासाठी तुम्ही तयार केलेले प्रश्न मी लक्षपूर्वक वाचले. त्यांत दोन कैद्यांच्या जागी कुठे दोन दुकानदार आले आहेत, कुठे दोन शेजारी. आकड्यांची मांडणी मात्र सर्वत्र तीच आहे. कैद्यांचा पेच, म्हणजे वेगवेगळे कोंडलेल्या दोन साथीदारांनी गप्प राहावे की एकमेकांविरुद्ध साक्ष द्यावी ही गोष्ट, १९५० पासून वर्गावर्गांत सांगितली जात असल्यामुळे तिचे उत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि गोष्ट ओळखीची वाटली की गणित न करताच ते ‘दोघेही फसवतील’ असे लिहून मोकळे होतात. असे उत्तर बरोबर आले, तरी विद्यार्थ्याला समतोल शोधता येतो की नाही हे तुम्हाला कळत नाही. म्हणून गोष्ट तीच ठेवून आकडे बदलले की उत्तर बदलेल, असे उदाहरण घ्यावे. माझ्या मते शेतीपंपांचा कपॅसिटर त्यासाठी फार चांगला आहे.

आपल्याकडे एकाच डीपीवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या रोहित्रावर, अनेक शेतकऱ्यांच्या मोटारी चालतात. मोटारीला कपॅसिटर बसवला की ती वाहिनीतून कमी विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे वाहिनीतील दाब कमी घटतो आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांनाच थोडा बरा व्होल्टेज मिळतो. व्होल्टेज पडला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. महावितरण कपॅसिटर बसवण्याचे आवाहन वारंवार करते, तरी पुष्कळ मोटारी त्याविना चालतात. खर्च एकाचा आणि फायदा सर्वांचा, ही या उदाहरणाची गाठ आहे.

पहिला प्रश्न दोनच शेतकऱ्यांचा ठेवा. कपॅसिटरचा खर्च ६०० रुपये माना आणि बसवलेल्या प्रत्येक कपॅसिटरमुळे दोघांनाही प्रत्येकी ४०० रुपयांचा फायदा होतो असे माना. हे बाजारभाव नसून हिशेबासाठी घेतलेले आकडे आहेत, असे प्रश्नातच स्पष्ट लिहा. दोघांनी बसवला तर प्रत्येकाला ८०० वजा ६०० म्हणजे २०० रुपये उरतात. एकानेच बसवला तर त्याला २०० रुपयांचा तोटा होतो आणि दुसऱ्याला फुकट ४०० मिळतात. कोणीच बसवला नाही तर दोघांनाही शून्य. आता विद्यार्थ्याला ‘सहकार्य होईल का?’ असे विचारू नका. चारही परिस्थिती मांडायला सांगा आणि प्रत्येकीत एकच गोष्ट तपासायला लावा : दुसऱ्याने आपला निर्णय कायम ठेवला, तर एकट्याने निर्णय बदलून कोणाचा फायदा होतो का? जिथे दोघांचेही उत्तर ‘नाही’ येते, तो समतोल. इथे शेजारी काहीही करो, न बसवण्यात प्रत्येकाचे २०० रुपये वाचतात, म्हणून कोणीही न बसवणे हा एकच समतोल निघतो.

दुसऱ्या प्रश्नात शेतकरी, डीपी आणि ६०० रुपये तसेच ठेवा. फक्त एका कपॅसिटरने व्होल्टेजमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही आणि दोन्ही बसले तरच प्रत्येकाला ८०० रुपयांचा फायदा होतो, असे माना. एकट्याने बसवणाऱ्याचे आता पूर्ण ६०० रुपये जातात, पण शेजाऱ्याने बसवला असेल तर आपण माघार घेतल्यावर आपलेही २०० रुपये जातात. म्हणून दोघांनी बसवणे हाही समतोल आहे आणि कोणीच न बसवणे हाही. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे उतरवले, तो या ठिकाणी उघडा पडतो. पहिला समतोल दोघांनाही फायद्याचा असून लोक दुसऱ्यात का अडकतात, हेही इथेच विचारा. शेजारी बसवण्याची शक्यता p धरली, तर बसवण्यातून अपेक्षित लाभ 800p − 600 इतका येतो आणि p पाऊणपेक्षा जास्त असेल तरच तो शून्याच्या वर जातो. शेजाऱ्यावर निम्मा भरवसा असणारा समंजस माणूसही इथे खिशात हात घालणार नाही. त्याला लबाड ठरवणारी उत्तरे मान्य करू नका, कारण पहिल्या खेळातली अडचण मोहाची होती आणि या खेळातली खात्रीची आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डीपीवर दहा शेतकरी आहेत. किमान सहा कपॅसिटर बसले तर दहाही जणांना प्रत्येकी ८०० रुपयांचा फायदा होतो, सहापेक्षा कमी असतील तर कोणालाच काही नाही. बहुतेक विद्यार्थी ‘शून्य किंवा दहा’ असे लिहितील. दहा हा समतोल नाही, कारण एकाने माघार घेतली तरी नऊ उरतात, फायदा तसाच राहतो आणि त्याचे ६०० वाचतात. पाचही नाही, कारण त्या पाचांचा खर्च वायाच जातो. शून्य हा समतोल आहे. दुसरा नेमका सहाचा आहे : सहांपैकी कोणी मागे हटला तर त्याचेच २०० रुपये बुडतात, आणि उरलेल्या चौघांना आधीच ८०० मिळत असल्यामुळे ते बसवत नाहीत. हे सहा कोणते, हे गणित सांगत नाही. दहांतून सहा निवडण्याचे २१० प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार हा स्वतंत्र समतोल आहे. गावातल्या बैठका ‘आधी तू’ यावर का मोडतात, ते या २१० मध्ये दिसते. या प्रश्नाला पुरेसा वेळ द्या, घाई करू नका.

एक उत्तर हमखास येईल : ‘शेतकरी रोज एकमेकांना भेटतात, म्हणून शेवटी सहकार्य करतील.’ खेळ पुन्हा पुन्हा खेळला जातो तेव्हा हा युक्तिवाद चालू शकतो, पण कपॅसिटर एकदाच विकत घेतला जातो आणि शेजाऱ्याने दगा दिला म्हणून उद्या त्याचे पैसे परत मिळत नाहीत. याउलट वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच रोज चालू-बंद करता येतो. सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपीवर ताण येऊ नये म्हणून तो काढून ठेवण्याचा करार झाला, तर उद्या तो मोडणाऱ्याला परवा उत्तर देता येते. दोन्हींतला हा फरक विद्यार्थ्याकडूनच काढून घ्या.

शेवटचा प्रश्न पैसे परत देण्याचा ठेवा. सर्वांनी ६०० रुपये आधी एकाकडे जमा करावेत आणि सहा जणांचे पैसे जमले नाहीत तर ते परत मिळावेत, असे ठरले. आता पैसे बुडण्याची भीती गेली, पण सहा जणांनी भरले असतील तर सातव्याने न भरण्यातच त्याचा फायदा राहतो. म्हणजे फुकट्याचा मोह कायम आहे. अट सहाऐवजी दहाची केली, तर न भरणाऱ्याला फुकट काहीच मिळत नाही आणि भरण्यात कोणाचाही तोटा उरत नाही. मात्र दहांपैकी एक जण परगावी असला किंवा हट्टाला पेटला, तर उरलेल्या नऊ जणांचेही काम अडते. अट किती जणांची ठेवावी, हे विद्यार्थ्याने कारणासह लिहावे. सात किंवा आठ असे उत्तर आले आणि त्या अटीखाली नेमक्या तितक्याच जणांनी भरणे हा समतोल आहे असे त्याने तपासून दाखवले, तर त्याला पूर्ण गुण द्या.

आपला स्नेहांकित